विश्लेषण : पंतप्रधानाला १० वर्षांची मर्यादा असावी का? दोन्ही बाजूंचे सर्वांत भक्कम मुद्दे कोणते?

एका व्यक्तीला आयुष्यात जास्तीत जास्त १० वर्षेच पंतप्रधानपदावर राहता यावे, यावर बांगलादेशातल्या बहुतेक प्रमुख पक्षांचे २०२५ मध्ये एकमत झाले. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी स्वाक्षऱ्या झालेल्या ‘जुलै राष्ट्रीय सनदे’त ही तरतूद आहे. या सनदेतील घटनात्मक बदलांवर फेब्रुवारी २०२६ च्या संसदीय निवडणुकीच्याच दिवशी सार्वमत घेण्याचे ठरवण्यात आले. राष्ट्राध्यक्षाला दोनच कार्यकाळ देण्याचा नियम जगात जुना आहे. पंतप्रधानाला अशी मर्यादा घालणारे देश मात्र मोजकेच. त्यामुळे ढाक्यातली ही चर्चा संसदीय पद्धत असलेल्या प्रत्येक देशासाठी, म्हणजे आपल्यासाठीही, महत्त्वाची ठरते.

बांगलादेशात ही मागणी आली कुठून?

शेख हसीना पहिल्यांदा १९९६ ते २००१ या काळात पंतप्रधान होत्या. जानेवारी २००९ मध्ये त्या पुन्हा सत्तेवर आल्या आणि ५ ऑगस्ट २०२४ रोजी विद्यार्थी आंदोलनाच्या रेट्यात देश सोडेपर्यंत त्या पदावर राहिल्या. दोन्ही काळ मिळून २० वर्षांहून अधिक. कागदावर पाहिले तर यात नियमाचा भंग कुठेच नव्हता. दर पाच वर्षांनी निवडणूक होत होती, निकाल लागत होता, शपथविधी होत होता.

अडचण त्या निवडणुकांच्या आत होती. २०११ मध्ये पंधराव्या घटनादुरुस्तीने निवडणूक काळातील तटस्थ काळजीवाहू सरकारची व्यवस्था रद्द झाली. त्यानंतरच्या २०१४ च्या निवडणुकीवर ‘बांगलादेश नॅशनलिस्ट पार्टी’ने (बीएनपी) बहिष्कार टाकला आणि ३०० पैकी १५३ जागा बिनविरोध गेल्या. निम्म्याहून जास्त मतदारसंघांत मतदान झालेच नाही. म्हणजे बहुमत मतदानाच्या आधीच हातात होते. २०२४ च्या निवडणुकीवरही बीएनपीचा बहिष्कार होता.

हसीना गेल्यानंतर नेमलेल्या घटना सुधारणा आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये अहवाल दिला. अली रियाझ त्याचे प्रमुख होते. पंतप्रधानाला दोनच कार्यकाळ मिळावेत, अशी त्यांची शिफारस होती. पुढे पक्षांशी झालेल्या चर्चेत ‘दोन कार्यकाळ’ हे शब्द मागे पडले आणि ‘एकूण १० वर्षे’ असे सूत्र ठरले. हा बदल वरवर किरकोळ वाटतो, पण या विषयातली खरी मेख तिथेच आहे. त्याकडे पुढे येऊ.

अध्यक्षांची गोष्ट वेगळी का मानली जाते?

अमेरिकेत फ्रँकलिन रूझवेल्ट चार वेळा निवडून आले. त्यानंतर १९५१ मध्ये लागू झालेल्या बाविसाव्या घटनादुरुस्तीने कोणालाही दोनपेक्षा जास्त वेळा अध्यक्षपदी निवडून येण्यास बंदी घातली. त्यामागचे कारण सरळ आहे. अमेरिकी अध्यक्ष एकदा निवडून आला की चार वर्षे त्याला हलवणे जवळपास अशक्य असते. महाभियोगाची वाट आहे, पण फार अवघड. आत आल्यावर बाहेर काढता येत नसेल, तर मुक्कामाची तारीख आधीच ठरवलेली बरी.

पंतप्रधानाचे तसे नसते. लोकसभेचा विश्वास आहे तोवरच तो पदावर. विश्वास गेला की उद्या सकाळी घरी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना नेमका हाच फरक सांगितला होता. अमेरिकी पद्धतीत सरकारच्या जबाबदारीची तपासणी ठरावीक काळाने होते. संसदीय पद्धतीत ती प्रश्न, ठराव, स्थगन प्रस्ताव आणि अविश्वास प्रस्ताव यांमधून रोज होते, आणि ही रोजची तपासणी जास्त परिणामकारक असते, असे त्यांचे म्हणणे होते. स्थैर्य थोडे कमी झाले तरी चालेल, पण जबाबदारी हवी, हा त्या निवडीचा पाया होता.

विशेष म्हणजे घटनेच्या मूळ मसुद्यात राष्ट्रपतीला एकदाच फेरनिवडीची मुभा होती. संविधान सभेत ती अट गळाली. अनुच्छेद ५७ मध्ये आज अशी कोणतीही मर्यादा नाही. पंतप्रधानांविषयीच्या अनुच्छेद ७५ मध्ये आणि मुख्यमंत्र्यांविषयीच्या अनुच्छेद १६४ मध्येही नाही.

मर्यादा नको, असे म्हणणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा कोणता?

सहसा पहिला मुद्दा येतो तो ‘जनतेला हवा तो नेता निवडू द्या’ हा. तो महत्त्वाचा आहे, पण माझ्या मते सर्वांत भक्कम नाही. मतदाराच्या निवडीला आपण आधीच कितीतरी अटी घालतो. लोकसभेसाठी किमान वय २५ आहे, ठरावीक शिक्षा झालेल्याला निवडणूक लढवता येत नाही. शिवाय २०२१ मध्ये इंटर-अमेरिकन मानवाधिकार न्यायालयाने स्पष्ट मत दिले आहे की अमर्याद फेरनिवड हा काही मानवी हक्क नव्हे. बोलिव्हियात इव्हो मोरालेस यांनी २०१६ चे सार्वमत हरल्यानंतर नेमका ‘माझा हक्क’ हाच युक्तिवाद घटनात्मक न्यायालयात मान्य करून घेतला होता. २०१९ ची निवडणूक त्यांनी लढवली, पण गैरप्रकारांच्या आरोपांतून उसळलेल्या आंदोलनानंतर त्यांना पद सोडावे लागले.

यापेक्षा वजनदार मुद्दा ब्रिटनमध्ये सापडतो. मार्गारेट थॅचर मे १९७९ मध्ये पंतप्रधान झाल्या. सलग तीन निवडणुका जिंकल्या. नोव्हेंबर १९९० मध्ये त्यांच्याच पक्षाच्या खासदारांनी नेतेपदाची निवडणूक लावली. पहिल्या फेरीत थॅचर यांना २०४ आणि मायकेल हेसेल्टाइन यांना १५२ मते मिळाली. बहुमत त्यांच्याकडे होते, पण नियमानुसार हव्या असलेल्या आघाडीला चार मते कमी पडली. काही दिवसांतच त्यांनी राजीनामा दिला. साडेअकरा वर्षे पदावर राहिलेल्या नेत्याला ना मतदाराने काढले, ना घटनेतल्या तारखेने. काढले ते मागच्या बाकांवर बसलेल्यांनी. सरकार पक्षाचेच राहिले, नेता बदलला. मर्यादा नको म्हणणारे सांगतात की संसदीय पद्धतीत मर्यादा आधीपासूनच आहे. फक्त ती कॅलेंडरवर छापलेली नाही.

याच बाजूचा दुसरा मुद्दा व्यवहाराचा आहे. ज्याला पुन्हा निवडणूक लढवायची नाही, त्याला मतदाराचा धाक उरत नाही. अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७८८ मध्येच ‘फेडरलिस्ट’ लेखमालेतल्या ७२ व्या लेखात हे मांडले होते. पुढे संधीच नसेल तर चांगले वागण्याचे कारण कमी होते आणि अनुभवी माणूस नेमका गरजेच्या वेळी बाहेर जातो. जर्मनीत हेल्मुट कोल आणि अँगेला मर्केल दोघेही प्रत्येकी १६ वर्षे चॅन्सेलर होते. दोन जर्मनींचे एकीकरण झाले तेव्हा कोल यांना पदावर नुकतीच आठ वर्षे पूर्ण झाली होती. म्हणजे आठ वर्षांचा नियम असता, तर त्या धामधुमीत त्यांना सामान आवरावे लागले असते.

मग मर्यादा हवी, असे म्हणणाऱ्यांकडे काय उत्तर आहे?

त्यांचे उत्तर एका प्रश्नात आहे. तुमचे खासदार थॅचर यांच्या खासदारांसारखे मोकळे आहेत का?

बांगलादेशच्या घटनेतील अनुच्छेद ७० नुसार, ज्या पक्षाच्या तिकिटावर खासदार निवडून आला त्या पक्षाविरुद्ध त्याने संसदेत मत दिले तर त्याची जागाच जाते. म्हणजे पंतप्रधानाच्या पक्षाचा खासदार अविश्वास प्रस्तावाला पाठिंबा देऊच शकत नाही. दिला तर आधी तोच घरी जातो. त्यात पंतप्रधान स्वतःच पक्षप्रमुख. हसीना १९८१ पासून अवामी लीगच्या अध्यक्ष होत्या. तिकीट देणारी, पक्षादेश काढणारी आणि सरकार चालवणारी व्यक्ती एकच. आंबेडकरांनी वर्णिलेली रोजची तपासणी तिथे होणार तरी कशी?

मर्यादेच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे. अध्यक्षाला मुदत घालतो, कारण त्याला मध्येच काढता येत नाही. ज्या देशात पक्षांतरबंदी आणि पक्षादेश यांनी पंतप्रधानालाही काढणे अशक्य करून ठेवले आहे, तिथे तो नावाला पंतप्रधान आणि व्यवहारात अध्यक्षच असतो. मग अध्यक्षाचा नियम त्याला का नको?

जुलै सनदेने अनुच्छेद ७० सैल करायचे ठरवले आहे, पण अर्धेच. अर्थविधेयक आणि विश्वास-अविश्वासाचा ठराव यांत पक्षाचा आदेश बंधनकारकच राहील, बाकी विषयांवर खासदार मोकळा. सरकारे रोज पडू नयेत, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण याचा अर्थ असा की पंतप्रधानाला काढण्याचा दरवाजा सनदेनंतरही बंदच राहतो. तो बंद ठेवायचा असेल तर कॅलेंडरची तारीख लावणे अपरिहार्य ठरते. सनदेतल्या या दोन तरतुदी एकमेकींशिवाय नीट समजत नाहीत.

भारतात हा दरवाजा किती उघडा आहे?

आपल्याकडे १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. पक्षादेश मोडून मत दिले आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केले नाही, तर सदस्य अपात्र ठरू शकतो. केंद्रात त्यानंतरही सरकारे सभागृहात पडली. १९९० मध्ये व्ही. पी. सिंह, १९९७ मध्ये एच. डी. देवेगौडा, १९९९ मध्ये अटलबिहारी वाजपेयी. वाजपेयींचे सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने गेले. पण ही सरकारे पडली ती प्रामुख्याने मित्रपक्षाने किंवा बाहेरून पाठिंबा देणाऱ्या पक्षाने हात काढून घेतल्यामुळे. एका पक्षाचे स्पष्ट बहुमत असताना स्वपक्षीय खासदारांनी सभागृहात मतदान करून पंतप्रधान बदलला, असे भारतात कधी घडलेले नाही.

महाराष्ट्राला याची दुसरी बाजू ठाऊक आहे. जून २०२२ मध्ये शिवसेनेच्या आमदारांना नेता नको झाला, तेव्हा त्यांना पक्षाच्या बैठकीत मतदान करून तो बदलता आला नाही. सुरत, गुवाहाटी, गोवा असा प्रवास करावा लागला. उद्धव ठाकरे यांनी बहुमत चाचणीआधीच राजीनामा दिला आणि अपात्रतेचा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात व विधानसभा अध्यक्षांसमोर चालला. त्या बंडाची राजकीय बाजू कोणाला पटो न पटो, यंत्रणेचा प्रश्न वेगळा आहे. नेता बदलण्याची सरळ वाट नसली की वाकडी वाट वापरली जाते, आणि ती वाट दोनतृतीयांश आमदारांची मोट बांधणाऱ्यालाच परवडते.

मग आपल्याकडे १० वर्षांची अट असती तर? महाराष्ट्रात ती फक्त वसंतराव नाईकांना लागली असती. डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक त्यांची कारकीर्द. बाकी आपल्याकडे तक्रार उलटीच आहे, कारण मुख्यमंत्री पाच वर्षे पुरी करतो कुठे? शेजारच्या गोव्यात प्रतापसिंह राणे जानेवारी १९८० ते मार्च १९९० असे सलग दहा वर्षांहून थोडे जास्त मुख्यमंत्री होते आणि नंतरही परतले. केंद्रात जवाहरलाल नेहरू (जवळपास १७ वर्षे), इंदिरा गांधी (दोन टप्प्यांत मिळून जवळपास १६ वर्षे) आणि २०१४ पासून पदावर असलेले नरेंद्र मोदी यांनी ही रेषा ओलांडली आहे. मनमोहन सिंग बरोबर रेषेवर थांबले.

खरी परीक्षा ज्या राज्यांत झाली, ती पश्चिम बंगाल, सिक्कीम आणि ओडिशा. ज्योती बसू २३ वर्षे मुख्यमंत्री राहिले. पवनकुमार चामलिंग आणि नवीन पटनायक दोघेही २४ वर्षांहून अधिक. यांपैकी चामलिंग यांना २०१९ मध्ये आणि पटनायक यांना २०२४ मध्ये मतदारांनी मतपेटीतून घरी पाठवले. मर्यादा नको म्हणणाऱ्यांसाठी हा हुकमी एक्का आहे. निवडणूक प्रामाणिक असेल तर उशिरा का होईना, मतदार हिशेब करतोच.

पण त्याच ओडिशाकडे दुसऱ्या बाजूने पाहा. २०२४ च्या प्रचारात ‘नवीनबाबूंनंतर कोण?’ हा मोठा मुद्दा झाला होता, आणि चर्चेत नाव होते ते निवृत्ती घेऊन पक्षात आलेल्या एका सनदी अधिकाऱ्याचे. चोवीस वर्षांत पक्षात दुसरी फळी उभीच राहिली नाही. मर्यादा हवी म्हणणाऱ्यांचा दुसरा महत्त्वाचा मुद्दा हा आहे. तारीख ठरलेली असली की पक्षाला वारस आधीच शोधावा लागतो. बसूंनी २००० मध्ये प्रकृतीच्या कारणाने स्वतः बाजूला होऊन बुद्धदेव भट्टाचार्य यांच्याकडे सूत्रे दिली, तेव्हा निदान सूत्रे घ्यायला कोणीतरी तयार होते.

नियम केला तर मोजायचे कसे? थायलंडचा धडा

आता ‘दोन कार्यकाळ’ आणि ‘१० वर्षे’ यांतल्या फरकाकडे. अध्यक्षाचा कार्यकाळ ठरलेला असतो, त्यामुळे दोन म्हणजे दोनच. पंतप्रधानाचा कार्यकाळ पाच वर्षांचाही असतो आणि तेरा दिवसांचाही. खालिदा झिया यांचेच उदाहरण घ्या. त्या १९९१ मध्ये पंतप्रधान झाल्या. फेब्रुवारी १९९६ च्या, विरोधकांनी बहिष्कार टाकलेल्या निवडणुकीनंतर मार्चमध्ये त्यांनी पुन्हा शपथ घेतली. ती संसद ३० मार्चलाच बरखास्त झाली. २००१ मध्ये त्या तिसऱ्यांदा आल्या. कार्यकाळ मोजले तर तीन, म्हणजे २००१ मध्ये त्या अपात्र ठरल्या असत्या, तेही दोन आठवड्यांपेक्षा कमी टिकलेल्या एका कार्यकाळामुळे. वर्षे मोजली तर एकूण भरतात १० वर्षे आणि सुमारे एक महिना. म्हणजे २००६ मध्ये, संसदेची मुदत संपायला महिनाभर उरला असताना, त्यांना पद सोडावे लागले असते.

वर्षे मोजण्याची पद्धत अधिक न्याय्य आहे, पण तिच्यात ही गोम आहे की घड्याळ मध्येच कधीतरी वाजते. थायलंडने हे सगळे भोगले आहे. तिथल्या २०१७ च्या घटनेतील कलम १५८ नुसार कोणीही एकूण आठ वर्षांपेक्षा जास्त काळ पंतप्रधान राहू शकत नाही, मग तो काळ सलग असो वा तुटक. पद सोडल्यावर काळजीवाहू म्हणून काढलेले दिवस त्यात धरायचे नाहीत, इतके स्पष्टीकरणही आहे. मसुदा लिहिणाऱ्यांनी काळजी घेतली होती. तरीही एक गोष्ट राहिली.

लष्करप्रमुख प्रयुत चान-ओचा यांनी मे २०१४ मध्ये सत्ता हाती घेतली आणि २४ ऑगस्ट २०१४ रोजी ते पंतप्रधान झाले. ६ एप्रिल २०१७ रोजी नवी घटना लागू झाली. २०१९ मध्ये निवडणुकीनंतर ते पुन्हा पंतप्रधान झाले. आठ वर्षे नेमकी कुठून मोजायची? २०१४ पासून मोजली तर मुदत ऑगस्ट २०२२ मध्ये संपते, २०१७ पासून मोजली तर एप्रिल २०२५ मध्ये आणि २०१९ पासून मोजली तर २०२७ मध्ये. एकच माणूस, एकच कलम आणि तीन उत्तरे.

विरोधक न्यायालयात गेले. घटनात्मक न्यायालयाने २४ ऑगस्ट २०२२ रोजी प्रयुत यांना पंतप्रधानपदाच्या कामापासून तात्पुरते दूर केले. उपपंतप्रधान प्रवित वाँगसुवान यांनी कारभार पाहिला. ३० सप्टेंबरला सहा विरुद्ध तीन अशा निकालाने न्यायालयाने सांगितले की मोजणी ६ एप्रिल २०१७ पासून करायची. प्रयुत परत आले.

पण गंमत पुढे आहे. मे २०२३ च्या निवडणुकीत प्रयुत पुन्हा पंतप्रधानपदाचे उमेदवार होते आणि त्यांच्याकडे शिल्लक होती दोन वर्षांहूनही कमी. म्हणजे ते मतदारांकडे चार वर्षांचा कौल मागत होते आणि अर्ध्या वाटेत उतरणार होते. निवडणुकीत त्यांच्या पक्षाची धूळधाण उडाली. कलमाने जे झाले नाही ते मतपेटीने केले, असे मर्यादेचे विरोधक म्हणतील. कलम नसते तर ‘आता यांचे किती दिवस उरले?’ हा प्रश्न देशभर विचारलाच गेला नसता, असे समर्थक म्हणतील. मला दुसरे म्हणणे थोडे ओढूनताणून वाटते.

बांगलादेशच्या सूत्रातही हेच प्रश्न दडलेले आहेत. दहा वर्षे संसदेच्या मध्यावर संपली तर काय? त्याच पक्षाचा दुसरा नेता निवडणुकीशिवाय पंतप्रधान होणार, की नव्याने कौल घ्यायचा? अमेरिकेच्या बाविसाव्या दुरुस्तीने असा एक प्रश्न कलमातच सोडवून ठेवला आहे. दुसऱ्याच्या उरलेल्या मुदतीतील दोन वर्षांहून जास्त काळ जो अध्यक्ष राहिला, त्याला त्यानंतर एकदाच निवडून येता येते.

चोरवाटा कोणत्या?

पहिली वाट खुर्ची बदलण्याची. रशियात व्लादिमिर पुतिन २००८ मध्ये सलग दोन कार्यकाळ संपल्यावर पंतप्रधान झाले, दिमित्री मेदवेदेव अध्यक्ष झाले आणि २०१२ मध्ये पुतिन परतले. २०२० च्या घटनादुरुस्तीने त्यांचे आधीचे कार्यकाळ मोजणीतून काढूनच टाकले. कॉम्प्युटरच्या भाषेत सांगायचे तर काउंटर रीसेट.

आर्मेनियातला प्रयोग मात्र फसला. सर्झ सर्गस्यान यांचे अध्यक्षपदाचे दोन कार्यकाळ संपत आले होते. त्याआधी २०१५ मध्ये सार्वमत घेऊन देश संसदीय पद्धतीकडे वळवला गेला, जिथे पंतप्रधानाला मुदत नव्हती. १७ एप्रिल २०१८ रोजी सर्गस्यान पंतप्रधान झाले. रस्त्यावर इतका उद्रेक झाला की सहा दिवसांत, २३ एप्रिलला, त्यांनी राजीनामा दिला. अध्यक्षाला मुदत आणि पंतप्रधानाला मोकळीक, अशी विषम रचना किती मोहात पाडते, याचे इतके नेमके उदाहरण दुसरे नाही.

दुसरी वाट खुर्ची सोडून दोरी हातात ठेवण्याची. ही आपल्याला सांगायला नको. १९९७ मध्ये चारा घोटाळ्यात अडकलेल्या लालूप्रसाद यादवांनी राजीनामा दिला आणि राबडीदेवी मुख्यमंत्री झाल्या. सहकारातही मुदतीचा नियम आहे. सहकारी बँकेच्या संचालकाची (अध्यक्ष आणि पूर्णवेळ संचालक वगळून) सलग कमाल मुदत १ ऑगस्ट २०२५ पासून आठ वर्षांवरून दहा वर्षे झाली. तिथे मुदत संपली की मंडळावर कोणाचा मुलगा किंवा सून दिसू लागते का, हे आपल्या तालुक्यातल्या बँकेकडे पाहून वाचकांनीच ठरवावे. जुलै सनदेत म्हणूनच पंतप्रधान आणि पक्षप्रमुख ही पदे एका व्यक्तीकडे नसावीत अशीही तरतूद आहे. बीएनपीने दहा वर्षांची मर्यादा मान्य केली, पण या तरतुदीवर लेखी असहमती नोंदवली. दोन्हींपैकी कोणत्या अटीला पक्ष जास्त घाबरतात, हे यातून कळते.

आणि नेपाळ? तिथे शेरबहादूर देउबा पाच वेळा, के. पी. शर्मा ओली चार वेळा आणि प्रचंड तीन वेळा पंतप्रधान झाले. तरीही या तिघांपैकी कोणाचीही एकूण कारकीर्द दहा वर्षांपर्यंत पोहोचत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तरुणाई रस्त्यावर उतरली ती याच जुन्या चेहऱ्यांना आणि भ्रष्टाचाराला कंटाळून. दहा वर्षांच्या अटीने तिथे एकही चेहरा बदलला नसता.

मग वाद नेमका कशावर घालायचा?

विरोधकांनी ‘जनतेचा कौल’ या मुद्द्यावर अडून बसण्यापेक्षा ‘आधी पक्षादेश सैल करा’ हा मुद्दा पुढे आणला, तर त्यांची बाजू खूपच बळकट होते. खासदाराला विश्वासदर्शक ठरावावर मोकळेपणाने मत देता आले, किंवा पक्षाच्या संसदीय बैठकीत नेता बदलण्याचा लेखी नियम असला, तर मर्यादेची गरजच उरत नाही. समर्थकांचे यावर उत्तर असे की, पक्षादेश सैल करण्याचा निर्णय ज्यांनी घ्यायचा, तेच त्याचे सर्वांत मोठे लाभार्थी आहेत. दहाव्या परिशिष्टाला ४० वर्षे झाली आणि विश्वासदर्शक ठरावापुरतीही मोकळीक मिळालेली नाही. त्यापेक्षा दहा वर्षांची अट मान्य करून घेणे सोपे, कारण आज सत्तेत नसलेल्या प्रत्येकाला ती हवीच असते. बांगलादेशात ती मान्य झाली तेव्हा अवामी लीग सत्तेबाहेर होती आणि तिच्या कारवायांवर बंदी होती. पंतप्रधानाच्या खुर्चीत तेव्हा कोणीच बसलेले नव्हते.